चिडलेल्या तिकिटाला उत्तर

इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याची गाडी दुपारी चारपासून गोदामाच्या गेटवर उभी आहे, असं समजू. माल बेळगावला जायचाय. बिल तयार आहे, हमाली दिलीय, ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आलाय. पण सॉफ्टवेअरमधून ई-वे बिल काही निघत नाही. व्यापाऱ्याने सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्यातल्या हेल्पडेस्कवर तिकीट टाकलं आणि सोबत एररचा स्क्रीनशॉटही जोडला. यंत्राने लगेच पोच दिली. पाच वाजता दिवसपाळीतल्या मुलाने उत्तर दिलं, ‘कृपया एररचा स्क्रीनशॉट पाठवावा.’ व्यापाऱ्याने लिहिलं, ‘पाठवलाय, वर बघा.’ त्यावर कोणी काहीच बोललं नाही. सहा चाळीसला तिसरा संदेश आला:

‘चारपासून गाडी गेटवर उभी आहे. तिसऱ्यांदा सांगतोय. माणसं ठेवलीत की बुजगावणी? पैसे घेताना बरे जागे असता. आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर तुमच्या एमडीला फोन लावतो.’

तिकिटांची भाषा बहुधा इंग्रजी किंवा धेडगुजरी असते. इथे ती मराठीत घेतली आहे. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या मुलीच्या रांगेत हे तिकीट सगळ्यात वर आहे. आता या तिसऱ्या संदेशाखाली तिने काय लिहायचं?

हा माणूस उगाच तापलेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागतं. ते नसताना गाडी रस्त्यावर सापडली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली माल आणि वाहन दोन्ही अडवता येतात, आणि करपात्र मालाचा मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड भरल्यावर ते सुटतात. त्यामुळे ‘जाऊ दे गाडी, बघू नंतर’ असं त्याला म्हणता येत नाही. हेल्पडेस्कवरच्या माणसाला ग्राहकाचा धंदा एवढा तरी माहीत असला की त्याच्या संदेशातल्या शिव्यांमागचं गणित दिसू लागतं.

अनुभवी माणसं अशा वेळी उत्तराच्या चौकटीत बोट घालण्याआधी संदेश दोनदा वाचतात आणि त्यातल्या तपासता येणाऱ्या गोष्टी बाजूला काढतात. गाडी चारपासून उभी आहे, हे तपासता येतं. तिसऱ्यांदा सांगतोय, हेही तपासता येतं. तिकीट वर सरकवलं की ते खरं असल्याचं दिसतं. स्क्रीनशॉट पहिल्याच संदेशात होता, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. ‘बुजगावणी’ आणि ‘जागे असता’ यात तपासण्यासारखं काही नाही, म्हणून त्यांना उत्तरही नाही. रागाचं खंडन करायचं नाही, समर्थन करायचं नाही आणि तो शांत करण्याचा वेगळा कार्यक्रमही करायचा नाही.

मग ती मुलगी दोन तासांत कोणीच न केलेली गोष्ट करते. स्क्रीनशॉट उघडते. ग्राहकाचा पिनकोड आणि राज्य जुळत नाही, असा संदेश पोर्टलने दिला आहे. बेळगावच्या पार्टीचं राज्य कर्नाटक, म्हणजे जीएसटीतला क्रमांक २९, बरोबर नोंदवलेलं आहे. पिनकोड मात्र ४१६ ने सुरू होतो. कर्नाटकाचे पिनकोड ५६ ते ५९ या आकड्यांनी सुरू होतात आणि बेळगाव शहराचा ५९० ने. ४१६ हा कोल्हापूरकडचा. म्हणजे नवी पार्टी नोंदवताना व्यापाऱ्याच्याच दुकानातल्या कोणीतरी सवयीने आपल्या भागातला पिनकोड टाकलाय.

म्हणजे चूक ग्राहकाची निघाली, आणि अवघड जागा इथेच आहे. दोन तास बोलणी खाल्ल्यावर ‘चूक तुमचीच आहे’ हे सांगायची संधी मिळते, तेव्हा ती सोडवत नाही. या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या उत्तरांचे दोन नमुने कुठल्याही हेल्पडेस्कवर सापडतात. पहिला असा:

‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला विषय संबंधित विभागाकडे पाठवला असून लवकरात लवकर त्याचे निराकरण करण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

यात एकही शब्द उद्धट नाही, आणि तरीही हे उत्तर वाचून व्यापारी फोन उचलणार हे नक्की. कारण संदेश कोणीतरी वाचला, याचा यात काही पुरावाच नाही. हे उत्तर प्रिंटरच्या तक्रारीखाली चिकटवलं असतं तरी चाललं असतं. शिवाय त्याने सहकार्य वगैरे काही केलेलं नाही, शिव्या दिल्या आहेत. त्याबद्दल त्याचे आभार मानणं म्हणजे त्याला खिजवणं.

दुसरा नमुना: ‘स्क्रीनशॉट पाहिला. तुम्ही पार्टीचा पिनकोड चुकीचा टाकला आहे. पोर्टलने तसा स्पष्ट संदेश दिलेला आहे. कृपया तो वाचून दुरुस्ती करावी.’ माहिती शंभर टक्के बरोबर आहे, कामाचीही आहे. पण ‘स्पष्ट’ आणि ‘वाचून’ हे दोन शब्द कामासाठी आलेले नाहीत, ते टोचण्यासाठी आले आहेत. ‘आधीच्या संदेशात सांगितल्याप्रमाणे’ हा याच जातीचा. त्याचा अर्थ ‘एकदा सांगून कळत नाही का’ असा होतो, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही.

कामाचं उत्तर साधारण असं होईल:

‘नमस्कार. तिकीट वरपासून वाचलं. स्क्रीनशॉट तुम्ही पहिल्याच संदेशात दिला होता. तो आम्ही पुन्हा मागितला आणि त्यात तुमचे दोन तास गेले, ही आमची चूक आहे. बिल अडण्याचं कारण त्या स्क्रीनशॉटमध्ये सापडलं. बेळगावच्या पार्टीचं राज्य कर्नाटक आहे, पण पिनकोड ४१६ ने सुरू होणारा, म्हणजे कोल्हापूरकडचा नोंदवलेला आहे. पोर्टल ही जोडी स्वीकारत नाही. पार्टी मास्टरमध्ये पिनकोड बदलून बिल पुन्हा पाठवलं की निघायला हवं. तरीही अडलं तर ewaybillgst.gov.in वर थेट लॉगिन करून बिल काढता येईल. तो नंबर नंतर सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला मी मदत करते. सात वाजता मी हे तिकीट पुन्हा बघून इथेच लिहिते.’

या उत्तरातली दिलगिरी ‘गैरसोयी’बद्दल नाही. कुठली चूक, किती वेळ, हे तिने नेमकं सांगितलं आहे. आणि कर्ता लपवलेला नाही: ‘मागितला गेला’ असं न म्हणता ‘आम्ही मागितला’ म्हटलंय. व्यापाऱ्याच्या चुकीच्या वेळी मात्र कर्ता वाक्यातून बाहेर गेलाय. ‘तुम्ही टाकला’ नाही, ‘नोंदवलेला आहे’. हा दुटप्पीपणा मुद्दाम केलेला आहे. आपली चूक सांगताना ‘आम्ही’, त्यांची सांगताना नुसती वस्तू: पिनकोड, नोंद, फाइल, सेटिंग. यात सत्य कुठेही दडवलेलं नाही. कारण स्पष्ट सांगितलंय, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याच पार्टीचं बिल पुन्हा अडेल. फक्त दुकानातल्या कोणी केलं, हे शोधायचं काम व्यापाऱ्यावर सोडलंय. ते तो शोधेलच.

आणखी एक बारकावा. ‘सात वाजता पुन्हा बघून लिहिते’ हे वचन काम पूर्ण करण्याचं नाही, खबर देण्याचं आहे. काम कधी होईल हे पुष्कळदा कोणाच्याच हातात नसतं. सरकारी पोर्टल बंद पडलेलं असू शकतं. पण अमुक वेळेला तिकिटावर लिहिणं पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि ते पाळलं की समोरच्याचा पुढचा संदेश निम्म्या आवाजात येतो. सात वाजता सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी लिहायचं: ‘पोर्टल अजून प्रतिसाद देत नाही, साडेसातला पुन्हा बघते.’ नेमका हाच संदेश बहुतेक जण टाळतात, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटतं.

दिवसपाळीतल्या मुलाने स्क्रीनशॉट का मागितला असेल, यावरही थोडं थांबलं पाहिजे. नजरचूक असू शकते. पण हेल्पडेस्कच्या धंद्यात एक वाईट खोड सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक तिकिटामागे करारात ठरलेल्या मुदतीचं घड्याळ चालू असतं. तिकीट ग्राहकाकडे टोलवलं की ते घड्याळ बहुधा थांबतं. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट या सॉफ्टवेअरमध्ये त्या अवस्थेचं नावच Waiting for customer असं आहे. त्यामुळे मुदत संपत आली की काहीतरी प्रश्न विचारायचा आणि घड्याळ थांबवायचं, हा मोह होतो. एका स्क्रीनशॉटच्या मागणीवर एक तास निघतो. नेहमीच्या ग्राहकांना हा डाव पाठ असतो, आणि तिकिटांवरचा बराच राग मूळ बिघाडाचा नसून या टोलवाटोलवीचा असतो. असा राग कितीही मऊ शब्दांनी उतरत नाही. जे विचारायचं ते एकदाच, सगळं एकत्र आणि कशासाठी हवं ते सांगून विचारलं, तर तो मुळात चढत नाही.

शब्दांबद्दल लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा वाचणाऱ्याला बरंच कमी ऐकू येतं, हे प्रयोगानेही दाखवलेलं आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पोचवायला सांगितली होती. ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होतं, की सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर समोरच्याला कळेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्क्यांच्या आसपास कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा जेमतेम बरा. तिकिटावरच्या माणसासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. आपली हलकीफुलकी कोटी चिडलेल्या ग्राहकापर्यंत टोमणा म्हणून पोचू शकते. आणि ग्राहकाचं ‘वा, छान सेवा आहे’ हे वाक्य उपरोधच आहे असं आपण धरून चालतो, तेही प्रत्येक वेळी खरं नसतं. म्हणून तिकिटावर विनोद नको, उद्गारचिन्ह नको, हसरा चेहरा तर नकोच.

मनातलं बोलायला जागा म्हणून या सॉफ्टवेअरांमध्ये आतली टिपण लिहायची सोय असते, असा एक समज आहे. झेंडेस्कमध्ये तिला Internal note म्हणतात आणि शेजारीच Public reply असतं. सर्व्हिसनाउमध्ये Work notes आणि Additional comments. आतलं टिपण ग्राहकाला दिसत नाही, सहकाऱ्यांना दिसतं. पण दोन्हींमध्ये अंतर एका क्लिकचं. ‘हा नेहमीचा भांडकुदळ आहे, पिनकोड याच्याच लोकांनी घातलाय’ हे वाक्य चुकीच्या चौकटीत पडलं, की मग कितीही व्यावसायिक भाषा वापरून ते परत घेता येत नाही. ग्राहक युरोपातला असेल तर आणखी एक शक्यता असते. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या जीडीपीआर कायद्याने माणसाला स्वतःबद्दल साठवलेली माहिती मागण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच्या नावाने लिहिलेली आतली टिपणंही त्यात येऊ शकतात. पुण्यातली कितीतरी हेल्पडेस्क युरोपातल्याच कंपन्यांसाठी चालतात.

टिपणात लिहायचं ते कामाचं: ‘ग्राहक चारपासून खोळंबला आहे. स्क्रीनशॉट एकदा मागितला गेला, आता पुन्हा मागू नये. कारण पिनकोड. पुढची खबर सात वाजता दिली नाही तर एमडींकडे फोन जाण्याची शक्यता.’ रात्रपाळीच्या माणसाला यातून ग्राहकाच्या मनःस्थितीचीही पुरेशी कल्पना येते, आणि हेच टिपण उद्या ग्राहकाने वाचलं तरी मान खाली घालावी लागत नाही.

इचलकरंजीचं प्रकरण इथे मिटायला हवं. पिनकोड बदलला, बिल निघालं. अशा वेळी तिकिटावर बहुतेकदा एकच शब्द येतो, ‘निघालं’. आभार नाहीत, माफी नाही. त्याची वाट बघू नये, आणि बंद करताना ‘आपल्याला मदत करता आली याचा आनंद आहे’ असंही लिहू नये. ‘बेळगावच्या पार्टीचा पिनकोड दुरुस्त केल्यावर ई-वे बिल निघालं. तिकीट बंद करत आहोत’, एवढं पुरतं.

पण सगळेच चिडलेले ग्राहक बरोबर नसतात, आणि काही जणांचा राग खरा तरी असतो का, हाही प्रश्नच आहे. राग हे काम करून घ्यायचं अवजारही असतं. साधं रूप म्हणजे प्राधान्य वाढवून घेणं. तिकिटाचं प्राधान्य किती जणांचं काम अडलंय आणि ते किती तातडीचं आहे, या दोन गोष्टींवर ठरतं. आवाज किती चढलाय यावर नाही. सगळ्या शाखांचं बिलिंग बंद पडणं आणि एका अहवालाचा रकाना वाकडा येणं यांना एकच पहिलं प्राधान्य देता येत नाही. ते नाकारताना ‘आपला विषय तातडीचा नाही’ असं म्हटलं की भांडण वाढतं. ‘रकान्यामुळे बिलं अडली आहेत का? अडली असतील तर प्राधान्य लगेच वाढवते. नसतील तर हे उद्या दुपारपर्यंत होईल’ असं विचारलं की निर्णय समोरच्याच्या उत्तरावर जातो. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं.

दबावाचं गंभीर रूप जगाने २०२४ मध्ये पाहिलं. लिनक्सच्या असंख्य प्रणालींमध्ये वापरलं जाणारं एक्सझेड हे फाइल आकसण्याचं साधन फिनलंडमधले लासे कॉलिन वर्षानुवर्षं फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांना टोचून लिहायला सुरुवात केली: कामं रेंगाळली आहेत, तुम्हाला आता रस राहिलेला नाही, दुसऱ्या कोणाकडे सोपवा. कॉलिन यांनी तोल न सोडता उत्तर दिलं. रस गेलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे ताकद कमी पडते आणि हा बिनपैशाचा छंद आहे, असं त्यांनी सांगितलं. भाषेत बोट ठेवायला जागा नाही. पण पुढे जबाबदारी हळूहळू ‘जिया टॅन’ या नावाने मदत करणाऱ्याकडे गेली, आणि त्या हातांनी २०२४ च्या सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला म्हणून तो २९ मार्चला उघडकीला आला. तक्रार करणारी ती नावं दबाव आणण्यासाठीच उभी केली होती, असा जाणकारांचा दाट संशय आहे.

कॉलिन यांना दोष देण्यात अर्थ नाही. एकट्या माणसावर सगळं टाकून जग निवांत होतं. पण सूर आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून नीट दिसतं. हेल्पडेस्कवर हाच प्रकार पासवर्डच्या रूपात येतो. ‘मी डायरेक्टर बोलतोय, मीटिंग सुरू झालीय, पासवर्ड आत्ता बदलून द्या, ओळख कसली विचारता?’ अशा संदेशासमोर भाषा हवी तितकी नम्र ठेवावी, पडताळणीची पायरी मात्र गाळू नये: ‘मीटिंग सुरू आहे हे कळलं. तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर मी आत्ता फोन करते. तो उचलल्यावर लगेच पासवर्ड बदलून देते.’ खरा डायरेक्टर कुरकुरत का होईना, फोन उचलतो. ज्याला तो उचलता येत नाही, तो आणखी मोठ्याने ओरडतो, आणि तीच खूण असते.

शिव्या वैयक्तिक झाल्या, जात, बाई असणं किंवा घरच्यांवरून बोलणं झालं, किंवा धमकी आली, तर उत्तर त्या मुलीने द्यायचं नसतं. तिने तो मजकूर न खोडता तसाच ठेवायचा, टीम लीडला कळवायचं आणि तिकिटावरून बाजूला व्हायचं. लीडने एकदाच लिहायचं: ‘या संदेशातली सहकाऱ्याबद्दलची भाषा आम्हाला मान्य नाही. ती पुन्हा आली तर पुढचा पत्रव्यवहार तुमच्या कंपनीच्या व्यवस्थापनामार्फतच होईल. बिलिंगचं काम चालू आहे. पुढची माहिती नऊ वाजता देतो.’ यात काय खपणार नाही, मग काय होईल आणि काम कुठवर आलंय, हे तिन्ही आलंय. तिसरं वाक्य बरेच लीड विसरतात, आणि मग समोरचा म्हणतो की शिवीचं निमित्त करून यांनी काम थांबवलं.

आणि दोनदा लिहूनही धग कमी होत नसेल तर लिहिणं थांबवून फोन करावा. पाच मिनिटांच्या बोलण्यात जे निवळतं ते पंधरा संदेशांत निवळत नाही. मात्र फोन ठेवल्यावर तिकिटावर लिहायलाच हवं: ‘आत्ता फोनवर बोलणं झालं. शनिवारपर्यंत जुनी बिलं तुम्ही पाठवणार, सोमवारी आम्ही ती तपासून कळवणार. काही राहिलं असल्यास इथे लिहावं.’ नाहीतर सोमवारी ‘असं ठरलंच नव्हतं’ इथून नवं तिकीट सुरू होतं.